चारशे सात नंबरचा वाद

चॉकलेट दुधाची सीलबंद बाटली दुकानाच्या फळीवर आठवडेच्या आठवडे उभी असते, तरी तिच्या तळाशी कोकोचा गाळ बसत नाही. घरी दुधात कोको ढवळून ठेवा. घरातलं एखादं काम उरकून परत येईपर्यंत तो पेल्याच्या बुडाशी गेलेला असतो. बाटलीतला कोको का बसत नाही, याचं उत्तर तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : ‘स्टॅबिलायझर, आयएनएस ४०७’. हा ४०७ म्हणजे कॅराजीनन, लाल समुद्रशैवालातून काढलेला एक डिंकासारखा पदार्थ.

वाळवलेलं शैवाल धुऊन अल्कलीच्या गरम पाण्यात शिजवतात, गाळतात, मग अल्कोहोल किंवा पोटॅशियमचं मीठ घालून विरघळलेला पदार्थ साकळवतात आणि वाळवून त्याची पूड करतात. आपल्याकडे तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायकांचे बचतगट बांबूच्या तराफ्यांवर हे शैवाल वाढवतात. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅराजीनन म्हणजे गॅलॅक्टोज साखरेची लांबच लांब साखळी, आणि त्या साखळीला जागोजागी चिकटलेले सल्फेटचे गट. हे सल्फेट लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो. दुधातल्या केसीन प्रथिनाशी ही साखळी जवळीक साधते आणि दुधात एक विरविरीत जाळं तयार होतं. ओतताना ते मोडतं, स्थिर ठेवलं की पुन्हा जुळतं, आणि कोकोचे कण त्यात अडकून राहतात. त्यासाठी कॅराजीनन लागतं अगदी थोडं : शंभर ग्रॅम दुधाला साधारण २० ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ते ६० मिलिग्रॅम. चिमटीत धरायलाही अवघड.

आइस्क्रीममध्ये तर त्याहून कमी. तिथे मुख्य काम गवार गम किंवा लोकस्ट बीन गम करतात. ते बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाहीत. पण हे गम दुधाच्या प्रथिनांशी फटकून वागतात आणि मिश्रणातून पाणी सुटू लागतं. ते सुटू नये म्हणून कणभर कॅराजीनन. बदामाचं किंवा सोयाचं डबाबंद दूध, फेटण्याचं क्रीम, तयार पुडिंग, काही मांसाचे पदार्थ, शिवाय टूथपेस्ट, अशा अनेक ठिकाणी ते भेटतं.

या चिमटीभर पुडीवरून पन्नासहून अधिक वर्षं शास्त्रज्ञांमध्ये भांडण चालू आहे. एका बाजूचे म्हणतात, हा पदार्थ आतड्याला सूज आणतो. दुसरी बाजू म्हणते, पिढ्यानपिढ्या खाल्लेला, जवळजवळ न पचता बाहेर पडणारा हा निरुपद्रवी पदार्थ आहे. दोन्हीकडे पदवीधर, प्रयोगशाळा आणि छापलेले निबंध आहेत. मला वाटतं, या भांडणाचा बराचसा भाग उत्तरांमधला नसून प्रश्नांमधला आहे : कोणता पदार्थ, कसा दिला आणि कोणाला दिला, हे तीन प्रश्न वेगळे न ठेवता एकाचं उत्तर दुसऱ्याला जोडलं गेलं.

कॅराजीननचं नाव बदनाम व्हायला सुरुवात झाली ती उंदराच्या पंजापासून. १९६२ साली औषधशास्त्रज्ञांनी एक सोपी चाचणी बसवली. उंदराच्या पंजात कॅराजीननचं इंजेक्शन द्यायचं, काही तासांत पंजा सुजतो. मग सूज उतरवणारं नवं औषध देऊन ती किती कमी होते ते मोजायचं. ही चाचणी आजही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. साहजिकच ‘प्रयोगशाळेत सूज आणण्यासाठी वापरतात तेच तुमच्या आइस्क्रीममध्ये’ असं वाक्य तयार झालं. वाक्य खरं आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष लंगडा आहे. कातडीखाली टोचलेला पदार्थ आणि अन्नमार्गातून जाणारा पदार्थ यांची गाठ शरीराच्या अगदी वेगळ्या यंत्रणांशी पडते. दूधही कोणी शिरेत टोचलं तर अनर्थ होईल.

दुसरा धागा जास्त गंभीर आहे. १९६९ साली इंग्लंडमधल्या मार्कस आणि वॉट या दोघांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण छापलं. गिनिपिगना पिण्याच्या पाण्यातून कॅराजीनन दिलं, तर काही आठवड्यांत त्यांच्या मोठ्या आतड्यात व्रण पडले, आणि ते माणसातल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या व्रणांसारखे दिसत होते. पुढे हा कोलायटिसचा नमुना म्हणून अनेक प्रयोगशाळांनी उचलला. पण व्रण पाडण्याचं हे काम प्रामुख्याने ज्या पदार्थावर झालं ते अन्नातलं कॅराजीनन नव्हतं. ते आम्लात तापवून मुद्दाम तोडलेलं, छोट्या तुकड्यांचं कॅराजीनन होतं. त्याला आता पॉलिजीनन असं वेगळं नाव आहे. अन्नातल्या कॅराजीननच्या साखळीचं सरासरी रेण्वीय वजन दोन लाख ते आठ लाख डाल्टन. पॉलिजीननचं दहा ते वीस हजार. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनेही दोघांना वेगवेगळ्या गटांत टाकलं : तोडलेलं कॅराजीनन ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेलं’, आणि न तोडलेलं ‘वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसलेलं’.

इथे एक गंमत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. गिनिपिगच्या आतड्यात व्रण पाडणारं हेच तोडलेलं कॅराजीनन फ्रान्समध्ये एके काळी माणसांना जठरातल्या व्रणावर औषध म्हणून दिलं जाई. गिनिपिग हा मोठं अंधांत्र असलेला, गवत आंबवून पचवणारा प्राणी. त्याच्या पोटात जे घडतं ते माणसाच्या पोटात घडेलच असं नाही.

मग प्रश्न मिटला का? तसा तो मिटत नाही, कारण ‘न तोडलेलं’ म्हणजे एकही छोटा तुकडा नसलेलं, असा अर्थ होत नाही. रेण्वीय वजनाचा आकडा सरासरीचा असतो. कोणत्याही पोत्यातल्या पुडीत काही साखळ्या लांब तर काही आखूड असणारच. म्हणून युरोपीय नियमांत पन्नास हजार डाल्टनखालचा भाग पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी अट आहे. पण हा छोटा भाग नेमका मोजणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. शिवाय जठरातलं आम्ल लांब साखळीचे तुकडे करतं का, हाही प्रश्न आहे. बाटलीत, अतिशय तीव्र आम्लात तासन्‌तास ठेवलं तर काही तुकडे पडतात. पण खऱ्या जठरात अन्न आलं की आम्लता लगेच उतरते आणि कॅराजीननचा बराच भाग प्रथिनांना बिलगून बसलेला असतो. त्यामुळे पोटात त्याचं पॉलिजीनन होतं हे कोणी पटेल असं दाखवलेलं नाही. अंशतः तुकडे पडत असतील, ही शंका मात्र पूर्ण पुसलेली नाही.

२००१ साली या जुन्या वादाला अमेरिकेत नवी फोडणी मिळाली. जोअ‍ॅन टोबॅकमन या डॉक्टर-संशोधक बाईंनी तोवरच्या प्राणिप्रयोगांचा आढावा छापला आणि अन्नात कॅराजीनन वापरण्याचा फेरविचार व्हावा असं मत मांडलं. पुढची अनेक वर्षं शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यांच्या गटाने माणसाच्या आतड्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर कॅराजीनन टाकून पाहिलं. त्यांचं म्हणणं असं : आपल्या पेशींवर जंतू ओळखणारी एक घंटा असते, टीएलआर-४ नावाची. कॅराजीननची साखळी या घंटेला हात लावते, आणि पेशी जंतूचा हल्ला झाल्यासारख्या सूज आणणारे संदेश पाठवू लागतात. उद्योगाच्या पैशाने काम करणाऱ्या दुसऱ्या गटाने तसेच प्रयोग केले आणि त्यांना हा परिणाम दिसला नाही. बशीतले प्रयोग फार नाजूक असतात. पेशी कोणत्या वाणाच्या, पोषणद्रवात प्रथिनं किती, पुडीत जंतूंच्या आवरणाचा अंश चुकून आला आहे का, एवढ्यानेही उत्तर पालटतं. पैसा कोणाचा होता हे पाहायलाच हवं, पण केवळ पैशावरून निकाल देता येत नाही. आणि बशीतल्या पेशींवर श्लेष्माचं आवरण नसतं, हा आक्षेप कोणाच्याही पैशावर अवलंबून नाही.

शेवटी माणसांवर पाहणं भाग होतं. २०१७ साली याच गटाने अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या अशा रुग्णांवर चाचणी छापली ज्यांचा आजार त्या वेळी शांत होता. सर्वांना कॅराजीनन नसलेलं अन्न खायला शिकवलं. मग काहींना रोज २०० मिलिग्रॅम कॅराजीननच्या कॅप्सूल, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ औषधाच्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. आजार उलटेपर्यंत, नाहीतर वर्षभर, त्यांच्यावर लक्ष ठेवलं. चाचणी पुरी करणारे रुग्ण होते फक्त बारा : पाच कॅराजीनन घेणारे, सात न घेणारे. कॅराजीनन घेणाऱ्या पाचांपैकी तिघांचा आजार उलटला, न घेणाऱ्या सातांपैकी एकाचाही नाही.

हा निकाल दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरतात, म्हणून तो हाताने तपासून पाहण्यासारखा आहे. समजा, कॅराजीननचा काहीच संबंध नाही आणि बारांपैकी कोणा तिघांचा आजार निव्वळ योगायोगाने उलटणारच होता. बारांतून तिघे निवडण्याचे २२० प्रकार होतात. त्यांपैकी तिघेही कॅराजीननच्या पाचांमध्येच सापडावेत असे प्रकार फक्त दहा. म्हणजे बावीसात एक. साडेचार टक्क्यांच्या आसपास. वैद्यकशास्त्र पाच टक्क्यांखालच्या योगायोगाला ‘लक्षणीय’ म्हणतं, तेव्हा निकाल रेषेच्या जेमतेम आत आला. आता कल्पना करा की तिघांऐवजी दोघांचाच आजार उलटला असता. बारांतून दोघे निवडण्याचे ६६ प्रकार, त्यांपैकी दहा दोघेही कॅराजीननच्या गटातले. योगायोगाची शक्यता एकदम पंधरा टक्के. एका रुग्णाच्या पोटाने एकशे ऐंशी अंशांत निकाल फिरवला असता. एवढ्याशा चाचणीवर कोणताही देश कायदा करू शकत नाही. पण तिच्याकडे दुर्लक्ष करणंही बरं नाही, कारण रुग्ण खरे होते, मात्रा प्राण्यांच्या प्रयोगांसारखी अवाढव्य नव्हती, आणि कोणाला काय मिळतंय हे झाकलेलं होतं. दोनशे मिलिग्रॅम म्हणजे वर सांगितलेल्या चॉकलेट दुधाच्या चार-पाच बाटल्या. रोज एवढं दूध पिणारा माणूस विरळा, पण डबाबंद अन्नावरच जगणाऱ्याला दिवसभरात तो आकडा अशक्य नाही.

निरोगी माणसाचं काय? जर्मनीत ट्युबिंगनच्या संशोधकांनी २०२४ साली छापलेल्या चाचणीत वीस निरोगी तरुण पुरुषांना दोन आठवडे रोज दोनदा २५० मिलिग्रॅम कॅराजीनन दिलं. आतड्याची झिरपण थोडी वाढलेली दिसली. इन्सुलिनला शरीर किती दाद देतं हे सगळ्यांचं मिळून पाहिलं तर फरक नव्हता. वजन जास्त असलेल्यांत मात्र ती दाद कमी झाली. कोणाला कोलायटिस झाला नाही. दोन आठवड्यांत तो होणारही नव्हता.

दरम्यान वादाचं केंद्र कॅराजीननवरून सरकून इतर पदार्थांवर गेलं होतं. बेनवा शासें आणि अँड्र्यू गेविर्ट्झ या दोघांच्या गटाने २०१५ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा प्रयोग छापला आणि साऱ्या क्षेत्राला नवा प्रश्न दिला. त्यांनी घेतले दोन पदार्थ : कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे लेबलवरचा ४६६, आणि पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे ४३३. पिण्याच्या पाण्यात एक टक्का, बारा आठवडे.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात, तरी ते आतड्याच्या भिंतीला सहसा शिवत नाहीत. मधे श्लेष्माचा थर असतो. त्याची भिंतीलगतची पट्टी जवळजवळ निर्जंतुक राहते. इमल्सिफायर प्यायलेल्या उंदरांत हे अंतर घटलं, जंतू भिंतीजवळ सरकले. साध्या उंदरांत मंद सूज आली, ते जास्त खाऊ लागले, चरबी आणि रक्तातली साखर वाढली. ज्या उंदरांत कोलायटिसची जनुकीय प्रवृत्ती आधीच होती, त्यांना मात्र खराखुरा कोलायटिस झाला. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट : जन्मापासून जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना काहीच झालं नाही. म्हणजे इमल्सिफायर आतड्याला थेट जाळत नव्हता, तो जंतूंचं वागणं बदलत होता. कॅराजीननच्या घंटेच्या सिद्धांतापेक्षा ही वाट अगदी निराळी आहे.

मात्रेचा हिशोब मात्र इथेही विचारावा लागतो. पंचवीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला चारेक मिलिलिटर पाणी पितो, त्यातून त्याला ४० मिलिग्रॅम मिळतात. वजनाच्या सरळ प्रमाणात साठ किलोच्या माणसाला हे ९६ ग्रॅम पडतील. लहान प्राण्याचं शरीर वेगाने चालतं म्हणून औषधशास्त्रज्ञ हा आकडा बराच खाली आणतात, साधारण बारावा हिस्सा. तरी आठ ग्रॅम उरतात. संशोधकांनी कमी मात्राही वापरून पाहिल्या आणि त्यांतही सौम्य परिणाम दिसला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग याच गटाने अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर सोळा निरोगी माणसांना अकरा दिवस रुग्णालयात ठेवलं आणि इमल्सिफायर नसलेलं ठरावीक जेवण दिलं. सात जणांच्या अन्नात रोज १५ ग्रॅम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज घातलं. नेहमीच्या खाण्यात एवढं कोणी घेत नाही. जेवणानंतर पोटात अस्वस्थता वाढली, जंतूंचा मेळ बदलला, आतड्याला पोसणारी आखूड मेदाम्लं घटली. सातांपैकी दोघांत जंतू श्लेष्माच्या आतल्या थरात घुसलेले आढळले. सूज मोजणारे आकडे मात्र चढले नाहीत. सातांतले दोघेच का, हा प्रश्न मला या सगळ्या संशोधनातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. कदाचित बहुतेकांच्या आतड्याला काही होत नाही आणि थोड्यांच्या होतं. कोणाच्या, ते आज आधी ओळखता येत नाही.

ज्यांचं आतडं आधीच सुजलेलं आहे अशांवरच्या चाचण्या आता येऊ लागल्या आहेत. ब्रिटनमधल्या चाचणीत सौम्य क्रोन्स असलेल्या १५४ जणांना आठ आठवडे इमल्सिफायर टाळायला लावले. सगळ्यांना बाहेरून खाऊ पुरवला. एका गटाच्या खाऊत इमल्सिफायर होते, दुसऱ्याच्या नव्हते. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांच्यात जास्त जणांची लक्षणं कमी झाली. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या चाचणीत दोन्ही गटांना चार आठवडे चौरस, सकस जेवण दिलं, एकाच्या जेवणात इमल्सिफायर भरपूर, दुसऱ्यात कमी. तिथे दोन्ही गट सारखेच सुधारले. दोन निकाल एकमेकांना छेद देतात असं म्हणण्याची घाई नको. दुसऱ्यातला सुधार सकस जेवणाचा असेल, तर इमल्सिफायरवर ठेवलेलं बोट काही अंशी चुकीच्या जागी आहे. कारण बाजारात इमल्सिफायर एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर मैदा, साखर, मीठ, तेल येतं आणि धान्याचा कोंडा, डाळी, पालेभाजी ताटातून बाहेर जाते.

आणखी एक गोंधळ शब्दांमुळे होतो. ‘इमल्सिफायर’ या एका नावाखाली अभ्यासांत तऱ्हतऱ्हेचे पदार्थ एकत्र येतात. खरे इमल्सिफायर तेल आणि पाणी एकजीव ठेवतात : लेसिथिन ३२२, मोनो-डायग्लिसराइड ४७१, पॉलिसॉर्बेट ८०. गम मुख्यतः दाटपणा देतात. ४१२ म्हणजे गवार गम. आपण जिची भाजी करतो त्याच गवारीच्या बियांच्या दळणातून तो निघतो. ४१४ म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक. ४०६ म्हणजे अगार, आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रास. तोही लाल शैवालाचाच, पण त्याच्या साखळीवर सल्फेट नगण्य. गवार गम आणि डिंक यांना आतड्यातले जंतू आंबवतात, म्हणून आहारशास्त्रात ते विरघळणारे तंतू म्हणून गणले जातात. कॅराजीननला जंतू फारसे शिवत नाहीत. शासेंच्या गटाने वीस पदार्थ माणसाच्या विष्ठेतल्या जंतूंवर बाटलीत तपासले, तेव्हा लेसिथिन आणि मोनो-डायग्लिसराइड यांचा परिणाम नगण्य निघाला, तर कॅराजीनन आणि काही गमांनी जंतूंचा मेळ बदलला. तेव्हा ‘इमल्सिफायर वाईट’ हे वाक्य ‘भाज्या पित्तकर’ या वाक्याइतकंच पोकळ आहे.

गमांच्या बाबतीत सावधगिरीचा एक खरा प्रसंग आहे. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने झँथन गमवर आधारलेलं एक घट्ट करणारं मिश्रण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देऊ नका असा इशारा दिला. ते दिलेल्या काही बाळांना आतडं सडण्याचा जीवघेणा आजार झाला होता. कारण आणि परिणाम सिद्ध झाला नव्हता. पण अशा बाळांचं आतडं कोवळं असतं, म्हणून थांबणं शहाणपणाचं होतं. लहान मुलांच्या डबाबंद दुधातल्या कॅराजीननबद्दलही अधिकाऱ्यांची मतं वेगळी आहेत. अन्न-कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने २०१४ साली एका लिटरला एक ग्रॅमपर्यंत ते चिंताजनक नाही असं म्हटलं; युरोपात जन्मापासून दिल्या जाणाऱ्या दुधात ते घालायला परवानगीच नाही. मोठ्यांसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ७५ मिलिग्रॅमची मर्यादा दिली, पण ‘तात्पुरती’ असा शेरा मारून, आणखी पुरावे मागून. साठ किलोच्या माणसाला ती साडेचार ग्रॅम होते. शिकागोच्या चाचणीतल्या मात्रेच्या बावीसपट. म्हणजे नियम करणाऱ्यांचा आकडा निरोगी माणसाच्या हिशोबाने ठरला आहे. कोलायटिसच्या रुग्णासाठी वेगळा आकडा कोणी ठरवलेला नाही.

आता पाकीट हातात घ्या. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; साखर कितवी आणि तेल कितवं हे आधी पाहा, नंतर शेवटी दिलेले आकडे. ४०७ किंवा ४०७अ म्हणजे कॅराजीनन, ४६६ आणि ४३३ वर सांगितलेच. मात्रा किती, हे कुठेही छापलेलं नसतं. सुट्या आइस्क्रीमला आणि हॉटेलच्या ग्रेव्हीला तर लेबलच नसतं.

घरातलं कोणी निरोगी असेल, तर महिन्यातून चार वेळा खाल्लेल्या आइस्क्रीममधल्या वीस मिलिग्रॅम कॅराजीननसाठी झोप उडवण्याइतका पुरावा आजवर नाही. गवार गमच्या पदार्थाने गॅस झाला तर ती जंतूंची आंबवण असते, सूज नव्हे. सूज ओळखायच्या खुणा निराळ्या : शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, उतरत जाणारं वजन, आठवड्यांवर आठवडे टिकणारी पोटदुखी. अशा वेळी लेबल वाचत बसू नका, पोटविकारतज्ज्ञाला गाठा. विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची साधी तपासणी आतड्याला सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज देते. आपल्या देशात आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो, आणि त्याचा उपचार पूर्णपणे वेगळा आहे.

आणि ज्यांना कोलायटिस किंवा क्रोन्सचं निदान झालं आहे त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे : ४०७, ४६६ आणि ४३३ असलेली पाकिटं दोन-तीन महिने टाळून पाहावीत. त्यात तोटा काही नाही, पुरावा कच्चा असला तरी एका दिशेने झुकलेला आहे. सुरुवातीला आणि शेवटी कॅलप्रोटेक्टिन मोजून घ्या, म्हणजे बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक कळेल. काय टाळताय ते डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.